विश्लेषण : आधी सही, मग ठराव... ‘कार्योत्तर मंजुरी’ नेमकी कधी चालते?

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मोबाइलवर येते. हिशेब, लाभांश, लेखापरीक्षकांची नेमणूक हे नेहमीचे विषय संपले की खाली कुठेतरी एक ओळ असते : ‘संचालकांनी केलेल्या व्यवहारास कार्योत्तर मंजुरी देणे.’ सभेत हा विषय वाचला जातो, कोणी तरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणते आणि सभा चहाकडे वळते. त्या एका ओळीचा साधा अर्थ मात्र असा असतो, की अधिकार नसताना कोणी तरी कंपनीच्या नावाने काही करून बसले आहे आणि आता ते कंपनीने आपले मानावे, असे तुम्हाला विचारले जात आहे.

ही मंजुरी कायद्याने चालते का? अनेकदा चालते. पण सगळ्याच चुका तिने धुतल्या जात नाहीत. कुठल्या धुतल्या जातात आणि कुठल्या नाहीत, हे महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांतून चांगले समजते.

नागपूरचे प्रकरण काय होते?

महाराष्ट्र राज्य खनिकर्म महामंडळ ही नागपूरची सरकारी कंपनी. तिच्या व्यवस्थापकीय संचालकांनी एका कर्मचाऱ्याला बडतर्फ केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, तेव्हा प्रश्न असा निघाला की त्या दर्जाच्या कर्मचाऱ्याला काढण्याचा अधिकार व्यवस्थापकीय संचालकांना होता का? तो नव्हता. तो अधिकार संचालक मंडळाचा होता. मंडळाने नंतर ठराव करून व्यवस्थापकीय संचालकांच्या कृतीला मंजुरी दिली होती. पण जो आदेश मुळातच अधिकाराविना निघाला, तो मागाहून ठराव करून जिवंत करता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे मत बदलले. अधिकार नसलेल्याने काढलेला आदेश अवैध असतो, इथपर्यंत उच्च न्यायालयाचे बरोबर. पण ज्याच्याकडे खरा अधिकार आहे, त्याने नंतर मंजुरी दिली तर तो दोष दूर होतो, कारण झालेली गोष्ट वैध करणे हाच ‘कार्योत्तर मंजुरी’ या शब्दाचा अर्थ आहे. ही मंजुरी ठराव झाला त्या दिवसापासून नव्हे, तर मूळ आदेशाच्या तारखेपासून लागू होते, असेही न्यायालयाने सांगितले.

हे तत्त्व नवे नव्हते. १९७३ च्या एका निकालात संचालक मंडळाची सभाच सदोष ठरली होती, कारण एका संचालकाला तिची नोटीस दिली गेली नव्हती. त्या सभेत कंपनीच्या महाव्यवस्थापकाला काढण्याचा निर्णय झाला होता. नंतरच्या रीतसर सभेने त्यावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय आधीच्या तारखेपासून वैध धरला. म्हणजे माणूस चुकीचा असो वा सभा चुकीची, ज्या मंडळाचा अधिकार आहे ते मंडळ नंतर रीतसर जमून ‘हे आमचेच’ म्हणू शकते.

मग औरंगाबादच्या प्रकरणात उलट निकाल का?

आता दुसरे प्रकरण. तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधले. विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यावर कुलगुरूंनी शिस्तभंगाची कारवाई केली. विद्यापीठ कायद्यानुसार हा अधिकार कार्यकारी परिषदेचा होता आणि परिषदेने तो कुलगुरूंकडे सोपवलेला नव्हता. नंतर कार्यकारी परिषदेने कुलगुरूंच्या कारवाईला मंजुरी देणारा ठराव केला. नागपूरसारखेच सगळे. पण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मंजुरी मानली नाही. कायद्यानेच एखाद्या संस्थेच्या हाती सोपवलेला अधिकार त्या संस्थेनेच वापरायचा असतो. तिथे कार्योत्तर मंजुरीचे तत्त्व लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक दिसतो. कंपनीत व्यवस्थापकीय संचालकाने किती पगाराच्या माणसाला काढावे, किती रुपयांच्या खर्चावर सही करावी, ही वाटणी बहुतेक वेळा मंडळानेच घरातल्या घरात केलेली असते. मालकाने मुनिमाला ‘दहा हजारांपर्यंत तू बघ’ सांगावे तसे. मुनिमाने पंधरा हजारांवर सही केली तर मालक ती स्वीकारू शकतो, कारण मर्यादा त्यानेच घातली होती. पण विद्यापीठातली वाटणी विधिमंडळाने केली होती. जी रेघ आपण आखलेलीच नाही, ती ओलांडणाऱ्याला माफ करण्याचा हक्कही आपला नसतो.

म्हणून मंजुरीच्या ठरावाकडे पाहताना पहिला प्रश्न हाच, की मोडलेली मर्यादा कोणी घातली होती?

मंडळाने द्यायची की भागधारकांनी?

कंपनीत अधिकारांची उतरंड असते. व्यवस्थापकाच्या वर संचालक मंडळ, मंडळाच्या वर सर्वसाधारण सभेतले भागधारक आणि त्या सर्वांवर कंपनीचा मेमोरँडम, म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते सांगणारा दस्तऐवज आणि कायदा. चूक ज्या पायरीवरचा अधिकार ओलांडून झाली असेल, मंजुरी त्या पायरीवरूनच यावी लागते.

व्यवस्थापकाने मंडळाचा अधिकार वापरला, तर मंडळ मंजुरी देऊ शकते. पण मंडळानेच भागधारकांचा अधिकार वापरला, तर मंडळाने स्वतःलाच दिलेली मंजुरी कवडीमोलाची. उदाहरणार्थ, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८० नुसार सार्वजनिक कंपनीचा अख्खा उद्योग विकायचा असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो; म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. तिथे संचालकांनी एकमताने हात वर केले तरी ते पुरत नाही. विशेष ठराव लागत असेल तर साध्या बहुमताने दिलेली मंजुरीही अपुरीच.

आणि कंपनीलाच जो अधिकार नाही, त्याला तर भागधारकही मंजुरी देऊ शकत नाहीत. १९६३ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आयुर्विमा महामंडळाशी संबंधित आहे. विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होण्याआधी १९५५ मध्ये एका खासगी विमा कंपनीच्या भागधारकांनी सभेत ठराव करून एका स्मारक न्यासाला दोन लाख रुपये देण्यास मान्यता दिली आणि संचालकांनी पैसे दिले. पुढे महामंडळाने ती रक्कम परत मागितली. ही देणगी कंपनीच्या उद्दिष्टांत बसत नव्हती, म्हणून भागधारकांचा ठराव असूनही ती अवैध ठरली. उतरंडीच्या वरच्या टोकाला पोहोचल्यावर हात वर करणाऱ्यांची संख्या उपयोगाची नसते.

सदाशिव पेठेतले एक उदाहरण

हे सगळे मोठ्या महामंडळांचे झाले. छोट्या कंपनीत काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक तिघे : दोन भाऊ आणि त्यांचा एक मित्र. गेल्या वर्षीची उलाढाल दोन कोटी रुपये. जागा कमी पडू लागली, म्हणून थोरल्या भावाने १० एप्रिल रोजी एक मजला पाच वर्षांसाठी भाड्याने घेतला आणि कंपनीच्या वतीने करारावर सही केली. भाडे महिना १ लाख २० हजार. मंडळाची सभा नाही, ठराव नाही. त्यातच तो मजला थोरल्याच्या पत्नीच्या मालकीचा आहे आणि आसपासच्या तेवढ्याच जागेला ९० हजार भाडे पडते.

इथे कलम १८८ लागू होते. संचालकाची पत्नी कायद्याच्या भाषेत ‘संबंधित पक्ष’. तिच्याकडून जागा भाड्याने घ्यायची तर आधी मंडळाच्या सभेत मंजुरी हवी. नेहमीच्या धंद्यातला आणि बाजारभावाने, परक्याशी करावा तसा व्यवहार असेल तर या अटीतून सूट आहे. पण महिना ३० हजार जादा देणारा करार त्या सुटीत बसवणे अवघड. वर्षाचे भाडे १४ लाख ४० हजार, म्हणजे उलाढालीच्या १० टक्क्यांहून कमी, त्यामुळे भागधारकांच्या ठरावाची गरज नाही. मंडळाची मंजुरी पुरते.

मंजुरी आधी घेतली नाही, हे तर झालेच. आता कायदा तीन महिन्यांची मुदत देतो. करार झाल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे साधारण १० जुलैपर्यंत, मंडळाने कार्योत्तर मंजुरी दिली तर करार टिकतो. नाही दिली तर तो मंडळाच्या मर्जीने रद्द होण्याजोगा ठरतो. ‘रद्द होण्याजोगा’ याचा अर्थ आपोआप रद्द असा नाही. मंडळाने ‘आम्हाला हा नको’ असे ठरवेपर्यंत करार उभाच राहतो. रद्द केला आणि कंपनीचे नुकसान झालेले असेल तर ते भरून देण्याची जबाबदारी थोरल्या भावावर येते. कलम मोडल्याचा दंडही वेगळा आहे. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या जबाबदार संचालकाला तो पाच लाख रुपये असतो.

समजा, २८ जूनला सभा झाली. आता तीन गोष्टी बिघडू शकतात.

पहिली, माहिती लपवणे. विषयपत्रिकेत नुसते ‘नव्या जागेच्या भाडेकरारास मंजुरी’ एवढेच लिहिले आणि जागा कोणाची, भाडे बाजाराच्या किती वर, हे सांगितलेच नाही, तर मित्राने वर केलेला हात निरुपयोगी ठरू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १९८ सांगते, की ज्याला व्यवहाराची महत्त्वाची माहितीच नव्हती त्याने दिलेली मंजुरी वैध नाही. कंपनी कायद्याखालचे नियमही विषयपत्रिकेत संबंधित पक्षाचे नाव, नाते आणि कराराच्या अटी लिहायला लावतात.

दुसरी, सोयीपुरते उचलणे. धाकटा भाऊ म्हणेल, ‘जागा चांगली आहे, ती ठेवू, पण भाडे ९० हजारच मंजूर करू.’ असे करता येत नाही. कलम १९९ नुसार व्यवहाराच्या एका भागाला मंजुरी दिली की ती सगळ्या व्यवहाराला लागू होते. ९० हजारच द्यायचे असतील तर जुना करार नाकारून वहिनीशी नवा करार करावा लागेल. पाच वर्षांत हा फरक १८ लाखांचा आहे, त्यामुळे सभेत तासभर वाद झाला तरी तो वाया गेलेला नाही.

तिसरी, गप्प बसणे. सभा घेतलीच नाही, पण जागेत टेबल-खुर्च्या लावल्या, विद्यार्थ्यांकडून फी घेतली आणि दरमहा भाडे भरत राहिले, तर? करार कायद्यात मंजुरी बोलून किंवा लिहूनच द्यावी लागते असे नाही; ती वागण्यातूनही दिली जाते. नकळत आलेल्या मालाचा जो फायदा घेतो, त्याने तो माल स्वीकारला असे धरले जाते. कलम १८८ ला मंडळाचा ठरावच लागतो, हे खरे. तरी पुढे वाद झाल्यावर समोरचा वकील भाड्याच्या पावत्या पुढे करून ‘कंपनीला सगळे माहीत होते आणि चालत होते’ असे म्हणणारच. नको असलेला व्यवहार कळताच लेखी नाकारणे म्हणूनच महत्त्वाचे.

त्रयस्थाला फटका बसत असेल तर?

आता करार कायद्यातली आणखी एक मर्यादा. तीन महिन्यांच्या नोटिशीवर रिकामी करता येईल अशी एक जागा आहे. मालकाने सांगितलेले नसताना भलत्याच माणसाने भाडेकरूला ‘जागा सोडा’ अशी नोटीस दिली. दोन महिन्यांनी मालक म्हणाला, ‘ती नोटीस माझीच समजा.’ असे चालत नाही. भाडेकरूने ज्या दिवशी नोटीस घेतली, त्या दिवशी ती द्यायचा अधिकार देणाऱ्याला नव्हता. त्याचे तीन महिने मागच्या तारखेने कापता येणार नाहीत. कलम २०० खाली हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे.

कंपन्यांना हे नेमके नडते. करार संपवण्याची, जागा रिकामी करण्याची नोटीस अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने काढली आणि मुदत संपत आल्यावर मंडळाने ठराव केला, तर त्या नोटिशीचा पाया डळमळीत राहतो. अशा वेळी जुन्या नोटिशीला मंजुरी देत बसण्यापेक्षा योग्य सहीने नवी नोटीस काढणे शहाणपणाचे. स्वतःचे दार मागच्या तारखेने उघडता येते. दुसऱ्याचे मागच्या तारखेने बंद करता येत नाही.

मागची तारीख आणि मागचा परिणाम

एक गोष्ट सगळीकडे गल्लत करून सांगितली जाते. कार्योत्तर मंजुरीचा *परिणाम* मागच्या तारखेपासून असतो, पण ठरावाची *तारीख* आजचीच असते. आमच्या उदाहरणात २८ जूनच्या सभेच्या इतिवृत्तात ‘१० एप्रिलला सही झाली, तेव्हा मंडळाची मंजुरी घेतलेली नव्हती, आज ती देत आहोत’ असे स्वच्छ लिहिलेले असेल, तर ती कार्योत्तर मंजुरी. ‘मंडळाने ८ एप्रिलच्या सभेत मंजुरी दिली’ असे जूनमध्ये बसून लिहिले, तर ते खोटे इतिवृत्त. पहिल्यात चूक कबूल करून ती दुरुस्त केली जाते. दुसऱ्यात चुकीवर गुन्हा चढवला जातो. इतिवृत्तात फेरफार केल्याचे सिद्ध झाले तर कलम ११८ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

हे ओळखायचे कसे? इतिवृत्त सभेनंतर ३० दिवसांत पुस्तकात नोंदवावे लागते, पानांना ओळीने क्रमांक असतात आणि प्रत्येक पानावर सही असते. ८ एप्रिलचे इतिवृत्त मे महिन्यातल्या सभेच्या पानानंतर चिकटलेले दिसले, त्या सभेची नोटीस कोणालाच गेली नसेल किंवा हजर दाखवलेला संचालक त्या दिवशी परगावी असेल, तर ठरावाचे बिंग फुटायला वेळ लागत नाही. कबुलीची लाज वाटून मागची तारीख घालणारे बहुधा विसरतात, की कायद्याने त्यांना प्रामाणिक वाट आधीच दिली होती.

सभेत हात वर करण्याआधी

कार्योत्तर मंजुरी वाईट नाही. धंद्यात कधी कधी रविवारी सही करावी लागते आणि मंडळ सोमवारी जमते. संधी हातची जाऊ नये म्हणून कायद्याने ही सोय ठेवली आहे. पण नोटिशीत ती एका ओळीत येते, ही सवय मोडायला हवी. कोणी, कोणत्या तारखेला, कोणता अधिकार ओलांडून, कोणाशी, किती रुपयांचा व्यवहार केला आणि आधी मंजुरी का घेतली नाही, हे लिहिलेले नसेल तर भागधारकाने विषय पुढे ढकलायची मागणी करावी. ती मागणी अडवणुकीची नाही. माहितीविना दिलेली मंजुरी उद्या न्यायालयात टिकणार नसेल, तर ती मागणाऱ्या संचालकांच्याच हिताची आहे.

आणि दरवर्षी, त्याच माणसाच्या, त्याच प्रकारच्या सहीला मंजुरी द्यावी लागत असेल, तर ठरावाचा विषय बदलायला हवा. एक तर त्याची मर्यादा रीतसर वाढवा, नाही तर त्याला थांबवा. वारंवार दिलेली माफी हा नियमच होऊन बसतो, आणि तो कोणत्याही सभेने केलेला नसतो.